फॉन्ट बदलला आणि दहा मायक्रॉनचे दहा मिलिमीटर झाले
छापखान्याला तक्रारीचा ई-मेल कसा लिहावा?

नागापूरच्या एम.आय.डी.सी.त आमच्या परिचयाच्या एका बुजुर्ग कारागिराचे छोटे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ग्राइंडिंग मशीन, चार कामगार आणि हिशेब पाहणारा मुलगा, एवढाच पसारा. मोठ्या कारखान्यांना लागणाऱ्या पिना आणि बुश ते बनवून देतात. परिसरात सर्वजण त्यांना चाचा म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू. चाचांनी एका औद्योगिक प्रदर्शनात वाटण्यासाठी तीन घड्यांचे माहितीपत्रक छापून घेतले. प्रती दोन हजार, कागद 170 ग्रॅमचा आर्ट पेपर, चार रंग. गठ्ठा घरी आला तेव्हा वरवर पाहता सर्व ठीक होते. रंग चांगले, फोटो स्वच्छ, कापणी सरळ. मात्र मजकूर जागेवरून हलला होता. दुसऱ्या पानाच्या शेवटी असलेला फोन नंबर तिसऱ्या पानाच्या माथ्यावर गेला होता, मधली दोन उपशीर्षके परिच्छेदापासून तुटली होती आणि अक्षर बारीक झाले होते.

चाचा त्या रात्री मुलाकडून छापखान्याला एक ई-मेल पाठवून मोकळे झाले. त्यात एवढेच होते की, ‘आमचे माहितीपत्रक तुम्ही बिघडवले आहे, पैसे परत करा.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आले, ‘फाइलमध्ये जे होते तेच छापले आहे.’ दोन्ही बाजूंनी इतके बोलून झाल्यावर वाद तिथेच अडला. मग चाचा तो गठ्ठा घेऊन आमच्याकडे आले. त्या प्रकरणात नेमके काय घडले, ते कसे ओळखले आणि दुसरा ई-मेल कसा लिहिला, हे आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत. व्यवसायाची कार्डे, दरपत्रके, लग्नपत्रिका आणि माहितीपत्रके आपण सर्वच छापून घेतो. तेव्हा हा प्रसंग उद्या आपल्यावरही येऊ शकतो.

फाइलमध्ये अक्षरे असतात, अक्षरांचा आकार नसतो

प्रथम मूळ गोष्ट समजून घेतली पाहिजे. संगणकाच्या फाइलमध्ये ‘पिन’ हा शब्द लिहिलेला असतो आणि त्याच्यासोबत ‘हा अमुक फॉन्टमध्ये, अमुक आकारात दाखवावा’ अशी सूचना असते. तो फॉन्ट म्हणजे अक्षरांचे साचे. हे साचे पुष्कळदा फाइलमध्ये नसून संगणकात वेगळे ठेवलेले असतात. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर प्रोग्राम काम थांबवत नाही. आपल्याकडचा जवळचा वाटणारा दुसरा फॉन्ट लावून मोकळा होतो. कारागिरांच्या भाषेत सांगायचे तर नमुन्यात एका मापाची फाइल लिहिली होती, कपाटात ती नव्हती म्हणून हाती आलेल्या दुसऱ्या फाइलने घासून दिले. वस्तू तयार झाली, पण माप तेच राहिले नाही.

प्रत्येक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी ठरलेली असते. 14 पॉइंट म्हटले म्हणजे सर्व फॉन्टची अक्षरे सारखीच मोठी असतात, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. 14 पॉइंट हे अक्षराच्या सभोवतालच्या चौकटीचे माप आहे. त्या चौकटीत अक्षर किती भरायचे हे फॉन्ट बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते. विंडोजमधील Kokila हा फॉन्ट त्याच आकारात लहान आणि दाट दिसतो, तर Nirmala UI त्याच आकारात मोठा आणि रुंद दिसतो. चाचांच्या फाइलमध्ये मजकूर Kokila मध्ये होता, छापून आला तो Nirmala UI मध्ये. हे आम्ही कसे ओळखले ते पुढे सांगू.

ओळीचा हिशेब पाहा. ए-फोर कागदाची आडवी बाजू 297 मिलिमीटर. तीन घड्यांच्या पत्रकात दोन पाने 100 मिलिमीटरची आणि आत दुमडले जाणारे तिसरे 97 मिलिमीटरचे ठेवतात, नाही तर घडी नीट बसत नाही. उभी बाजू 210 मिलिमीटर. वर-खाली दहा दहा मिलिमीटर समास सोडला की मजकुराला 190 मिलिमीटर उरतात. चाचांच्या पत्रकात दोन ओळींमधले अंतर 16 पॉइंट होते, म्हणजे सुमारे 5.64 मिलिमीटर. 190 मिलिमीटरमध्ये अशा 33 ओळी बसतात. मूळ पानावर नेमक्या 33 ओळी होत्या, म्हणजे पान काठोकाठ भरलेले होते. रुंद फॉन्ट आला तेव्हा प्रत्येक ओळीत कमी शब्द मावले आणि त्याच मजकुराच्या 41 ओळी झाल्या. आठ ओळी, म्हणजे सुमारे 45 मिलिमीटर मजकूर चौकटीबाहेर गेला. त्यात फोन नंबर होता.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोरल ड्रॉमध्ये चौकटीत न मावणारा मजकूर दिसेनासा होतो किंवा पुढील जोडलेल्या चौकटीत सरकतो. मजकूर दडला की चौकटीची रेषा लाल होते, हीच काय ती खूण. ऑपरेटर घाईत असला की ती खूण पाहतोच असे नाही. आमच्या प्रकरणात ऑपरेटरने ती पाहिली होती. आणि त्याने जो उपाय केला त्याने नुकसान कमी न होता वाढले.

दहा मायक्रॉनची गोष्ट

मजकूर मावत नाही असे पाहून ऑपरेटरने सर्व मजकूर निवडला, त्याला एकच फॉन्ट Nirmala UI लावला आणि आकार 14 वरून 11 वर आणला. मजकूर बऱ्याच अंशी बसला. जो भाग बसला नाही तो त्याने पुढील पानावर ढकलला. हेतू चांगला होता. पण ‘सर्व मजकूर’ यात एक वेगळा फॉन्टही होता, आणि तो त्याच्या ध्यानात आला नाही.

चाचांच्या पत्रकात एका ठिकाणी असे छापायचे होते की, त्यांच्या ग्राइंडिंग केलेल्या पिनच्या व्यासात 10 µm पेक्षा जास्त फरक पडत नाही. म्हणजे दहा मायक्रॉन, मिलिमीटरचा शंभरावा भाग. चाचांच्या कामाची हीच ओळख होती. मायक्रॉनचे चिन्ह µ हे ग्रीक अक्षर आहे. जुन्या सवयीने डिझाइन करणाऱ्याने ते कळफलकावरून न लिहिता Symbol नावाच्या फॉन्टच्या आधारे उमटवले होते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी m हे अक्षर टाइप केले की पडद्यावर µ दिसतो, तसेच f टाइप केला की व्यासासाठी वापरतात तो φ दिसतो. म्हणजे मूळ फाइलमध्ये अक्षर m हेच होते. फक्त त्याला Symbol चा पोशाख चढवला होता. ऑपरेटरने सर्व मजकुराचा फॉन्ट बदलला, तसा तो पोशाख उतरला आणि खालचा m उघडा पडला. µm चे mm झाले. पत्रकात छापले गेले की, पिनच्या व्यासात 10 mm पेक्षा जास्त फरक पडत नाही. आणि त्याच पानावर ‘φ25 ते φ60’ च्या ठिकाणी ‘f25 ते f60’ आले.

फरक एक हजारपटीचा. 25 मिलिमीटरच्या पिनमध्ये 10 मिलिमीटरचा फरक चालत असेल, तर त्या पिनला कोण विचारील? फोन नंबर पुढे सरकला हे चाचांना डोळ्यांनी दिसले होते. माप बदलले आहे हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नव्हते. ते आम्ही मूळ नमुन्याशी ओळ न् ओळ ताडून पाहिले तेव्हा सापडले. प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. गठ्ठा वाटला गेला असता तर चाचांचे नाव चांगल्या खरेदीदारांत हसण्याचा विषय झाले असते.

हा धोका केवळ आपल्या धंद्याचा नाही. औषधाच्या मात्रेत मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम असेच होऊ शकते, म्हणून वैद्यकीय लिखाणात हे चिन्ह वापरताना फार जपतात. आपल्यासाठी धडा असा की, छपाईची रचना हलली असेल तर केवळ देखणेपणा गेला असे समजून सोडून देऊ नये. रचना हलली याचा अर्थ कुठेतरी फॉन्ट बदलला आहे. आणि फॉन्ट बदलला असेल तर आकडे, चिन्हे आणि एककेही बदललेली असू शकतात. प्रथम तीच तपासावीत.

दोष कुठे झाला, हे पत्रकच सांगते

तक्रार करण्यापूर्वी चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे ओळखणे गरजेचे असते. त्यासाठी संगणकतज्ज्ञ लागत नाही. चाचांकडे छपाईपूर्वी पाहिलेला आणि पसंत केलेला पी.डी.एफ. नमुना होता. आम्ही त्याची त्याच आकारात प्रत काढली, छापील पत्रकावर ठेवली आणि खिडकीच्या काचेवर उजेडात धरली. पहिली खूण पाहायची ती ओळींच्या शेवटची. नमुन्यातील प्रत्येक ओळ ज्या शब्दावर संपते, त्याच शब्दावर छापील ओळ संपते का? आमच्याकडे तिसऱ्या ओळीपासूनच जुळत नव्हते.

ही खूण फार बोलकी आहे. पी.डी.एफ. फाइलमध्ये प्रत्येक ओळ कुठे सुरू होते आणि प्रत्येक अक्षराची रुंदी किती हे आधीच नोंदलेले असते. पी.डी.एफ.मध्ये फॉन्ट भरलेला नसला आणि बदली फॉन्ट आला तरी इंग्रजी मजकुरात ओळी बहुधा तुटत नाहीत. अक्षरे मात्र कुठे आवळलेली, कुठे विरळ दिसतात. मराठीत अशा वेळी अक्षरांऐवजी ठिपके, चौकोन किंवा भलतीच चिन्हे येतात. म्हणून ओळी नव्याने तुटल्या असतील आणि मराठी मात्र शुद्ध असेल, तर पी.डी.एफ. न छापता मूळ फाइल उघडून त्यात हात घातला गेला आहे, असे समजावे.

दुसरी खूण अक्षरांच्या वळणाची. Kokila मध्ये अक्षराची रेघ बोरूने लिहिल्यासारखी कुठे जाड कुठे बारीक असते, Nirmala UI मध्ये ती सगळीकडे सारख्या जाडीची असते. नमुन्यातील आणि छापील पत्रकातील ‘क’, ‘र’ आणि ‘ल’ शेजारी ठेवले की हा फरक भिंगाशिवायही दिसतो.

तिसरी खूण नमुन्याच्या फाइलमध्येच असते. ॲक्रोबॅट रीडरमध्ये पी.डी.एफ. उघडून Ctrl+D दाबले की माहितीची चौकट उघडते. तिच्यातील Fonts या पानावर सर्व फॉन्टची यादी असते. ज्या फॉन्टपुढे Embedded Subset किंवा Embedded लिहिलेले असते तो फाइलच्या पोटात आहे असे समजावे. ज्याच्यापुढे ते नाही आणि खाली Actual Font म्हणून दुसरेच नाव दिसते, तो फॉन्ट फाइलमध्ये नाही आणि त्याची जागा दुसऱ्याने घेतली आहे. चाचांच्या पी.डी.एफ.मध्ये Kokila आणि Symbol दोन्ही Embedded Subset होते. म्हणजे नमुना निर्दोष होता.

मग छापखान्याने मूळ फाइल का उघडली? कारण आमच्याच बाजूला होते. पी.डी.एफ. गेल्यानंतर चाचांच्या मुलाने फोन करून एक दर बदलायला सांगितला होता आणि त्यासाठी कोरल ड्रॉची फाइल पाठवली होती. फॉन्ट मात्र पाठवले नव्हते, पाठवायचे असतात हेच त्याला माहीत नव्हते. छापखान्याचा संगणक नवा होता. Kokila हा फॉन्ट विंडोज 7 मध्ये सर्वांना आपोआप मिळत असे. 2015 साली आलेल्या विंडोज 10 पासून Kokila, Mangal, Aparajita हे फॉन्ट Devanagari Supplemental Fonts नावाच्या पूरक संचात गेले. तो संच वेगळा मागवला नाही किंवा संगणकात हिंदी-मराठीसारखी भाषा जोडली नाही, तर ते फॉन्ट त्यात नसतात. Nirmala UI मात्र असतो. नागापुरातील जुन्या संगणकावर बरोबर दिसणारी फाइल छापखान्याच्या नव्या संगणकावर बदलली, याचे कारण एवढेच.

दुसरा ई-मेल

हे सर्व हाती आल्यावर आम्ही चाचांच्या वतीने नवा मजकूर तयार केला. त्यात रागाचा एकही शब्द ठेवला नाही, आणि आमची चूकही लपवली नाही. तो असा:

*विषय: तीन घडी माहितीपत्रक, 2000 प्रती. फॉन्ट बदलल्याने रचना व माप चुकले, फेरछपाईबाबत*

*नमस्कार. आपल्याकडून छापून आलेले माहितीपत्रक आम्ही पसंत केलेल्या पी.डी.एफ. नमुन्याशी ताडून पाहिले. छपाई, रंग आणि कापणी उत्तम आहे. मात्र पुढील तीन बाबी नमुन्याप्रमाणे नाहीत.*

*एक, मराठी मजकूर नमुन्यात Kokila, 14 पॉइंटमध्ये होता. छापील प्रतीत तो Nirmala UI, 11 पॉइंटमध्ये असावा असे दिसते. दोन, त्यामुळे आतील दुसऱ्या पानावरील शेवटच्या ओळी आणि फोन नंबर तिसऱ्या पानावर गेले आहेत. तीन, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आतील पहिल्या पानावर ‘10 µm’ ऐवजी ‘10 mm’ आणि ‘φ25’ ऐवजी ‘f25’ छापले आहे. पहिल्यामुळे आमच्या मालाचे माप हजारपटीने चुकीचे दिसते. म्हणून या प्रती आम्ही वाटू शकत नाही.*

*दर बदलण्यासाठी आम्ही कोरल ड्रॉची फाइल पाठवली, पण सोबत फॉन्ट पाठवले नाहीत, ही आमच्याकडून राहून गेलेली गोष्ट आहे. आपल्याकडून एवढे कळावे की, ती फाइल उघडताना फॉन्ट सापडत नसल्याची सूचना आली होती का, आणि बदललेल्या मजकुराचा नमुना छपाईपूर्वी आम्हाला पाठवला होता का? आम्हाला तो मिळाल्याचे आढळत नाही.*

*प्रदर्शन पुढील आठवड्यात आहे. दर बदललेली नवी पी.डी.एफ. सोबत जोडली आहे. तीत सर्व फॉन्ट भरलेले आहेत. हीच फाइल कोणताही बदल न करता छापून शुक्रवारपर्यंत मिळावी. खर्चाची वाटणी कशी करावी याविषयी आपण उद्या दुपारपर्यंत कळवावे, आम्ही समक्ष येऊन बोलण्यास तयार आहोत. पसंत केलेला नमुना, छापील प्रतीचे फोटो आणि चुकीच्या जागा लाल खुणांनी दाखवलेले पान सोबत आहे.*

या मजकुरात काय आहे आणि काय नाही, ते पाहावे. ‘तुम्ही बिघडवले’ असे नाही, ‘अमुक पानावर, अमुक ओळीत, हे होते, हे झाले’ असे आहे. कोणता फॉन्ट गेला आणि कोणता आला याची नावे आहेत. त्यामुळे छापखान्यातील माणसाला स्वतःची फाइल उघडून दोन मिनिटांत खात्री करता येते. बारीक अक्षर आणि चुकलेले माप यांना एकाच पारड्यात घातलेले नाही. पहिली नाराजी आहे, दुसऱ्याने माल निरुपयोगी होतो, आणि फेरछपाईची मागणी दुसऱ्यावर उभी आहे. शेवटी, काय हवे आणि केव्हापर्यंत हवे ते स्पष्ट आहे. तक्रारीत मागणी नसेल तर समोरचा केवळ दिलगिरी कळवून गप्प बसतो.

दोन प्रश्न आम्ही मुद्दाम विचारले. फॉन्ट सापडत नसला की कोरल ड्रॉ तशी सूचना पडद्यावर देतो आणि बदली फॉन्ट कोणता लावावा ते विचारतो. ऑपरेटर घाईत होकार देऊन पुढे जातो. म्हणजे ही चूक आंधळेपणाने होत नाही, ती कोणाच्या तरी डोळ्यांसमोरून जाते. आणि छापखान्याने फाइलमध्ये फेरफार केला असेल, तर नवा नमुना दाखवून होकार घ्यावा ही या धंद्यातील जुनी रीत आहे. पहिल्या नमुन्यावरील सही बदललेल्या फाइलला लागू होत नाही.

निकाल

संध्याकाळी छापखान्याच्या मालकांचाच फोन आला. सूचना आली होती आणि ऑपरेटरने ती पुढे कळवली नव्हती, हे त्यांनी मान्य केले. नवा नमुना पाठवलेला नव्हता हेही त्यांनी मान्य केले. फॉन्ट न पाठवण्याची चूक आमची होती, ती आम्ही आधीच लिहून दिली होती. त्यामुळे तिच्यावर वाद होण्याचे कारणच उरले नाही. ठरले असे की, नव्या प्लेटा आणि छपाईची मजुरी छापखान्याने सोसायची, कागदाची किंमत चाचांनी द्यायची. गुरुवारी संध्याकाळी नव्या प्रती मिळाल्या. जुन्या दोन हजार प्रती चाचांनी डोळ्यांसमोर कटिंग मशीनखाली घालून रद्दीत दिल्या. चुकीचे माप असलेली एकही प्रत बाहेर जाता कामा नये, असे ते म्हणाले, आणि ते योग्यच होते.

पुढील वेळी काय करावे

छापखान्याला शक्यतो पी.डी.एफ.च द्यावी, आणि ती पाठवण्यापूर्वी Fonts चे पान पाहून प्रत्येक फॉन्ट भरलेला असल्याची खात्री करावी. पी.डी.एफ. बनवताना छपाईसाठीचा PDF/X-1a हा प्रकार मिळत असेल तर तो निवडावा, कारण सर्व फॉन्ट फाइलमध्ये भरलेले असावेत हा त्याचा नियमच आहे. मूळ फाइल देणे भाग असेल तर तिची एक वेगळी प्रत काढून त्या प्रतीतील मजकूर कर्व्हमध्ये बदलून द्यावा. कोरल ड्रॉमध्ये त्यासाठी मजकूर निवडून Ctrl+Q दाबतात. कर्व्ह झाले की अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होते. मग फॉन्ट नसला तरी काही बदलत नाही. मात्र याच्या दोन मर्यादा आहेत. त्या प्रतीत पुढे शब्द बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवलीच पाहिजे. आणि अगदी बारीक अक्षरे किंचित जाड दिसू शकतात. फॉन्टची फाइल सोबत पाठवणे हा तिसरा मार्ग आहे. परंतु विकत घेतलेला फॉन्ट दुसऱ्याला देण्याची परवानगी त्याच्या करारात असतेच असे नाही, ते पाहून घ्यावे.

चिन्हांसाठी Symbol चा पोशाख वापरू नये. विंडोजमध्ये Alt दाबून ठेवून उजवीकडील आकड्यांच्या कळफलकावर 0181 टाइप केले की खरा µ उमटतो, 0177 ने ± आणि 0216 ने व्यासासाठी चालणारा Ø. ही चिन्हे स्वतःच्या नावाने फाइलमध्ये राहतात. फॉन्ट बदलला तर त्यांचे वळण बदलेल, फार तर चौकोन दिसेल, पण µ चा m होणार नाही. रुपयाचे ₹ हे चिन्ह 2010 साली स्वीकारले गेले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसते आणि तिथे चौकोन येतो, म्हणून दरपत्रकात ते जरूर तपासावे.

उर्दू मजकुराला हीच गोष्ट अधिक लागू होते. नस्तालीक लिपीत शब्द तिरपा उतरतो, तो आडवी जागा कमी आणि उभी जागा जास्त घेतो. लग्नपत्रिकेच्या फाइलमधील नस्तालीक फॉन्ट छापखान्यात नसला, तर त्याच्या जागी सरळ ओळीत बसणारी नस्ख अक्षरे येतात. मजकूर वाचता येतो, पण ओळी लांबतात, नावे पुढील ओळीत जातात आणि पत्रिकेचा तोल जातो. उर्दूची फाइल देताना पी.डी.एफ. किंवा कर्व्ह याशिवाय दुसरा मार्ग धरू नये.

आणि शेवटची गोष्ट. छपाईपूर्वीचा अंतिम नमुना हातात आला की प्रथम रंग आणि फोटो न पाहता आकडे, एकके, फोन नंबर आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ पाहावी. चाचांनी आता दुकानात एक पद्धत ठेवली आहे. बाप आणि मुलगा समोरासमोर बसतात, एक मूळ कागदावरून आकडे मोठ्याने वाचतो, दुसरा नमुन्यावर टिचकी मारीत जातो. मायक्रोमीटरवर दोनदा माप घेतल्याशिवाय पिन डब्यात टाकत नाही, मग छापील मापालाच सूट का द्यायची, असे चाचा म्हणतात.